पन्नासचा पंचवीस कोणी केला?

बायोकेमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत एन्झाइमचं प्रॅक्टिकल चालू आहे की नाही, हे टेस्ट ट्यूबच्या स्टँडकडे पाहून कळतं. पाण्यासारख्या दिसणाऱ्या द्रावणात अल्कलाइन फॉस्फटेज नावाचं एन्झाइम पडलं की काही मिनिटांत त्यात पिवळा रंग उतरू लागतो. पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेट या पदार्थातला फॉस्फेटचा तुकडा एन्झाइम तोडून वेगळा करतं आणि मागे उरलेलं नायट्रोफेनॉल पिवळं दिसतं. ठरलेल्या मिनिटाला सोडियम हायड्रॉक्साइड घालून क्रिया थांबवायची आणि ट्यूब कलरीमीटरमध्ये ठेवायची. जितका रंग गडद, तितका क्रियेचा वेग जास्त.

समजा, टेबलावर तीन बाटल्या ठेवल्या आहेत. लेबलवर फक्त क, ख आणि ग. तिन्हींमध्ये निरोधक आहे, म्हणजे एन्झाइमचं काम मंदावणारा पदार्थ. पण कुठल्या बाटलीत कुठल्या जातीचा, ते विद्यार्थ्यांनी शोधायचं आहे. निरोधक न घालता वेग आला ५० एकक. क घातल्यावर तो २५ झाला. ख घातला, २५. ग घातला, पुन्हा २५. वहीत तिन्हींसमोर ‘५० टक्के निरोध’ असं लिहून मोकळं होता येतं, आणि घाईतल्या बॅचेस तसं करतातही. पण या आकड्यावरून तिघांपैकी एकाचीही ओळख पटत नाही. त्यासाठी सबस्ट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्याच्यावर काम करतं तो पदार्थ, कमी-जास्त करून पुन्हा पुन्हा वेग मोजावा लागतो. प्रश्न एवढाच असतो: सबस्ट्रेट वाढवला की निरोध ढिला पडतो, तसाच राहतो, की आणखी आवळतो?

त्याआधी निरोधक नसताना आलेख कसा दिसतो ते पाहायला हवं. स्टेशनबाहेर एका वेळी एकच प्रवासी नेणाऱ्या १०० रिक्षा उभ्या आहेत अशी कल्पना करावी. प्रवासी तुरळक असतात तेव्हा आला की बसला. प्रवासी दुप्पट झाले तर फेऱ्याही दुप्पट होतात. आलेखाची रेघ इथे सरळ चढते. गर्दी वाढू लागली की बऱ्याच रिक्षा आधीच रस्त्यावर असतात, नव्या प्रवाशाला थांबावं लागतं आणि चढ मंदावतो. लोकल रिकामी होऊन सगळा फलाट बाहेर आला तरी १०० रिक्षा जेवढ्या फेऱ्या मारतील त्याहून जास्त होणार नाहीत. रेघ वर जाऊन आडवी पडते. या छताला व्हीमॅक्स म्हणतात. सबस्ट्रेटच्या ज्या प्रमाणाला वेग बरोबर या छताच्या निम्मा असतो, ते प्रमाण म्हणजे केएम. केएम लहान असेल तर थोड्या सबस्ट्रेटवरही एन्झाइम झपाट्याने कामाला लागतं. मोठा असेल तर त्याला गर्दी लागते.

या वाकड्या रेघेचं गणित १९१३ साली बर्लिनमध्ये लिओनोर मिखाएलिस आणि कॅनडाहून आलेल्या डॉक्टर मॉड मेंटन यांनी प्रसिद्ध केलं. त्यांच्यासमोर उसाच्या साखरेचे दोन तुकडे करणारं इन्व्हर्टेज हे एन्झाइम होतं. सूत्र असं:

```
v = Vmax [S] / (Km + [S])
```

यात v म्हणजे वेग आणि [S] म्हणजे सबस्ट्रेटचं प्रमाण. हिशेब सोपा व्हावा म्हणून व्हीमॅक्स १०० एकक आणि केएम २ मिलिमोलर धरू. सबस्ट्रेटही २ मिलिमोलरच घेतला तर वेग येतो ५०. वरच्या तिन्ही ट्यूबमध्ये तेवढाच सबस्ट्रेट होता. ट्यूब बरोबर केएमवर भरल्या होत्या, म्हणूनच तिघे निरोधक एकमेकांआड लपू शकले.

आता बाटली क. सबस्ट्रेट दहापट वाढवून २० मिलिमोलर केला. निरोधकाशिवाय वेग ९०.९ येतो, क घातल्यावर ७६.९. निरोध ५० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर घसरला. सबस्ट्रेट २०० केला तर ९९ च्या जागी ९७.१, निरोधक घातलाय की नाही अशी शंका यावी. उलट सबस्ट्रेट ०.२ वर आणला तर ९.१ चा वेग ३.२ होतो, म्हणजे जवळपास ६५ टक्के निरोध. हा स्पर्धात्मक निरोधक, इंग्रजी पुस्तकांतला कॉम्पिटिटिव्ह. तो रिक्षात जाऊन बसतो आणि उतरत नाही, ‘चला’ही म्हणत नाही. त्याची आणि प्रवाशाची जागा एकच, म्हणून प्रवासी भरपूर असले की त्याला जागा मिळण्याची शक्यता कमी होत जाते. आलेखात छत तिथेच राहतं, १०० वर. फक्त तिथे पोचायला जास्त सबस्ट्रेट लागतो. निम्म्या वेगासाठी आधी २ मिलिमोलर पुरत होते, आता ६ लागतात. व्हीमॅक्स तोच, केएम वाढलेला.

या एका ओळीवर माणसं वाचतात. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारू पिऊन शंभराहून जास्त लोक गेले. अशा दारूतला खरा मारेकरी असतो मिथेनॉल, आणि खरं सांगायचं तर तोही पोटात जातो तेव्हा फारसा विषारी नसतो. यकृतातलं अल्कोहोल डीहायड्रोजिनेज हे एन्झाइम त्याचं फॉर्माल्डिहाइड करतं, पुढचं एन्झाइम त्याचं फॉर्मिक आम्ल करतं, आणि ते आम्ल डोळ्याच्या मज्जातंतूवर आणि पेशींच्या श्वसनावर घाव घालतं. या कारखान्याला वेळ लागतो. म्हणूनच पिणारा रात्री घरी येऊन झोपतो आणि दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे पांढरं धुकं आल्याची तक्रार करतो.

त्याच एन्झाइमच्या त्याच जागेवर नेहमीच्या दारूतला इथेनॉलही बसतो, आणि मिथेनॉलपेक्षा कितीतरी घट्ट बसतो. त्यामुळे विषबाधा झालेल्या रुग्णाला रुग्णालयात शिरेतून किंवा नळीतून मोजून इथेनॉल देण्याचा उपचार बरीच वर्षं चालत आला आहे. ऐकायला विचित्र वाटतं, पण आलेखाच्या भाषेत तो मिथेनॉलच्या क्रियेचा केएम वाढवण्याचा प्रकार आहे. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये इथेनॉल साधारण १०० मिलिग्रॅमच्या आसपास टिकवायचं, हे लक्ष्य असतं. टिकवायचं हा शब्द इथे महत्त्वाचा. इथेनॉल हा रिक्षात नुसता बसून राहणारा निरोधक नाही. तो स्वतःही प्रवासी आहे. एन्झाइम त्याचं ॲसिटाल्डिहाइड करून त्याला संपवत असतं. मात्रा तासातासाला दिली नाही आणि रक्त तपासत राहिलं नाही, तर इथेनॉल उतरतं आणि रांगेत थांबलेल्या मिथेनॉलला रिक्षा मिळते. फोमेपिझोल हे औषध हा ताप वाचवतं. ते त्याच जागेवर घट्ट बसतं, गुंगी आणत नाही आणि इथेनॉलसारखं भराभर संपत नाही. अमेरिकेत १९९७ साली ते गाडीच्या अँटिफ्रीझमधल्या इथिलिन ग्लायकॉलच्या विषबाधेसाठी मंजूर झालं, २००० साली मिथेनॉलसाठी. महाग आहे आणि सगळीकडे मिळत नाही, म्हणून इथेनॉल अजून मोडीत निघालेलं नाही.

मर्यादाही आलेखातच दिसते. स्पर्धात्मक निरोध सबस्ट्रेट वाढला की हरतो, म्हणून शरीरात मिथेनॉल फार असेल तर ते डायलिसिसने बाहेर काढावंच लागतं. शिवाय जे फॉर्मिक आम्ल आधीच तयार झालं आहे त्याच्यावर या स्पर्धेचा काहीच परिणाम नाही. रिक्षा अडवून आधीच घरी पोचलेला प्रवासी परत येत नाही. आणि हे वाचून कोणी घरच्या घरी ‘उतारा’ म्हणून आणखी एक बाटली उघडू नये. बाहेरून त्या बाटलीत काय आहे ते कोणालाच दिसत नाही, आणि रक्त तपासल्याशिवाय मात्रा ठरत नाही.

बाटली ख चं वागणं सर्वांत सरळ आहे, म्हणून तिच्यावर फार वेळ घालवायला नको. ०.२ मिलिमोलरला ९.१ चे ४.५, दोनला ५० चे २५, वीसला ९०.९ चे ४५.५. सबस्ट्रेट कितीही असो, निरोध ५० टक्के. हा नॉनकॉम्पिटिटिव्ह निरोधक. तो प्रवाशाच्या जागेकडे फिरकत नाही. तो टायर पंक्चर करतो. रिक्षा भरलेली असो वा रिकामी, त्याला फरक पडत नाही. चालू रिक्षांची संख्याच घटते, म्हणून छत १०० वरून ५० वर येतं. उरलेल्या रिक्षा मात्र पूर्वीइतक्याच चपळ असतात, म्हणून केएम २ वरच राहतो.

एचआयव्हीच्या उपचारातलं नेव्हिरापिन हे या वागण्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण. विषाणूच्या रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज एन्झाइममध्ये क्रियेच्या जागेपासून सुमारे एक नॅनोमीटरवर एक खळगा आहे. औषध त्यात घुसतं आणि एन्झाइमचा आकार असा आखडतो की क्रिया होत नाही. पेशीत डीएनएचे सुटे घटक कितीही असले तरी ते या औषधाला हुसकावू शकत नाहीत, कारण दोघांची जागाच वेगळी. तरी एक गोष्ट सांगून ठेवायला हवी: पुस्तकात काढतात तसा शुद्ध नॉनकॉम्पिटिटिव्ह निरोध प्रत्यक्षात क्वचित भेटतो. निरोधकाला भरलेली आणि रिकामी रिक्षा अगदी सारखीच आवडेल असा काही नियम नाही. आवड थोडी इकडे-तिकडे झाली की छत तर उतरतंच, केएमही वर किंवा खाली सरकतो. त्याला मिश्र निरोध म्हणतात. प्रॅक्टिकलमध्ये केएम २ च्या ऐवजी २.६ आला म्हणून आकडा खोडून २ करणारा विद्यार्थी कदाचित बरोबर उत्तरच खोडत असतो.

बाटली ग मात्र भल्याभल्यांना चकवते. सबस्ट्रेट ०.२ असताना वेग ९.१ वरून ७.७, निरोध जेमतेम १५ टक्के. दोनला ५० टक्के. वीसला ९०.९ चा ३२.३, म्हणजे जवळपास ६५ टक्के. क च्या नेमकं उलट. सबस्ट्रेट वाढवला की निरोध आवळत जातो.

हा अनकॉम्पिटिटिव्ह निरोधक, आणि त्याचं रहस्य असं की त्याला रिकाम्या रिक्षात रसच नाही. तो वाहतूक पोलिसासारखा चौकात उभा असतो आणि फक्त प्रवासी बसलेली रिक्षा अडवतो. एन्झाइमवर सबस्ट्रेट बसल्यानंतरच निरोधकाला बसायची जागा तयार होते. प्रवासी तुरळक असतात तेव्हा बहुतेक रिक्षा रिकाम्या, पोलिसाला काम नाही. गर्दी झाली की प्रत्येक रिक्षा भरलेली आणि प्रत्येक रिक्षा त्याच्या तावडीत.

विद्यार्थ्यांना इथे एक गोष्ट पटत नाही. छत १०० वरून ३३.३ वर आलं हे समजतं, पण केएम २ वरून ०.६७ वर आला हे कसं? केएम कमी म्हणजे एन्झाइमची सबस्ट्रेटवरची पकड सुधारली, असं शिकवलेलं असतं. मग निरोधकाने पकड सुधारली की काय? एका अर्थी हो. पोलिसाने अडवलेल्या रिक्षातला प्रवासी उतरू शकत नाही, तो आत अडकून बसतो. त्यामुळे थोड्याच प्रवाशांत बऱ्याच रिक्षा ‘भरलेल्या’ दिसतात. पकड वाढली आहे, काम वाढलेलं नाही. छत आणि केएम दोन्ही एकाच पटीने, इथे तिपटीने, उतरतात. म्हणून आलेखाचा सुरुवातीचा चढ जवळजवळ जुन्या रेघेला चिकटून जातो आणि मग ती रेघ अचानक लवकर आडवी होते. अगदी डाव्या कोपऱ्यातच मोजमापं घेतली तर निरोधक घातला आहे हेसुद्धा कळत नाही.

टेस्ट ट्यूबमध्ये सबस्ट्रेट किती घ्यायचा ते विद्यार्थी ठरवतो. जिवंत पेशीत तसं नसतं. तिथे आधीचं एन्झाइम सबस्ट्रेट तयार करून पुढे ढकलत असतं, आणि तो ठरावीक गतीने येतच राहतो. समजा मिनिटाला ३५ एकक येतो आहे. निरोधक नसताना तो साचून सुमारे १.१ मिलिमोलरवर स्थिरावतो, कारण त्या प्रमाणाला एन्झाइमही ३५ च्याच वेगाने काम करतं. आता क घातला. वेग पडतो, सबस्ट्रेट साचू लागतो. साचला की स्पर्धेत जिंकू लागतो, आणि ३.२ मिलिमोलरला वेग पुन्हा ३५. पेशीचं फारसं बिघडलं नाही. त्याऐवजी ग घातला तर? छत ३३.३ चं आहे. ३५ येतात, ३३.३ च्या पुढे जाता येत नाही. सबस्ट्रेट साचत राहतो, आणि जितका साचतो तितका निरोध घट्ट होतो. बाहेर पडायची वाटच नाही. असा निरोध निसर्गात इतका दुर्मिळ का, हा प्रश्न ॲथेल कॉर्निश-बाउडेन या एन्झाइम शास्त्रज्ञाने १९८६ साली विचारला होता. उत्तर याच गणितात होतं: पेशीला हा प्रकार परवडणारा नाही.

शेतकऱ्याला तो परवडतो, कारण त्याला तणाची पेशी मारायचीच आहे. ग्लायफोसेट हे तणनाशक ईपीएसपी सिंथेज या एन्झाइमवर काम करतं. या एन्झाइमला दोन सबस्ट्रेट लागतात, आणि गंमत अशी की एकाच निरोधकाचं दोघांशी नातं वेगवेगळं आहे. फॉस्फोइनॉलपायरुव्हेट या एका सबस्ट्रेटशी ग्लायफोसेट स्पर्धा करतं, कारण ते त्याच्याच जागेवर बसतं. पण ते बसतं कधी, तर शिकिमेट-३-फॉस्फेट हा दुसरा सबस्ट्रेट आधी येऊन बसल्यावर. म्हणजे या दुसऱ्याच्या दृष्टीने निरोध अनकॉम्पिटिटिव्ह. मार्ग तुंबला की मागे नेमका तोच साचतो, आणि तो साचल्याने सुटका होत नाही. फवारलेल्या रोपाच्या पानात शिकिमेट किती साठलं ते मोजून ग्लायफोसेट लागू पडलं की नाही हे तपासतात, ते याच तुंबण्यामुळे. या मार्गाने वनस्पती फेनिलॲलॅनिन, टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन ही तीन अमिनो आम्लं बनवतात. ती न मिळाल्याने रोप काही दिवसांत पिवळं पडून मरतं. अकोल्यापासून यवतमाळपर्यंत ज्या तणनाशकरोधी कपाशीच्या बेकायदा बियाण्यावरून वाद चालतो, तिच्यातल्या बाहेरून घातलेल्या जनुकाचं काम इतकंच: ग्लायफोसेट ज्याला पकडू शकत नाही असं एक ईपीएसपी सिंथेज रोपाला देणं. ‘निरोध कुठल्या प्रकारचा?’ या प्रश्नाला म्हणून एक जोड लागते, ‘कुठल्या सबस्ट्रेटच्या बाबतीत?’ ती नसेल तर उत्तर अर्धवट असतं.

प्रॅक्टिकलच्या टेबलावरही ग ची बाटली खरोखर ठेवता येते. वासराच्या आतड्यातून मिळवलेल्या अल्कलाइन फॉस्फटेजला एल-फेनिलॲलॅनिन अनकॉम्पिटिटिव्ह पद्धतीने अडवतं. आणि क च्या बाटलीत ठेवायला साधं फॉस्फेट पुरतं. फॉस्फेटची गोष्ट जरा थांबून पाहण्यासारखी आहे, कारण ते या क्रियेतून बाहेर पडणारं उत्पादनच आहे. पिवळा रंग छान गडद व्हावा म्हणून ट्यूब जास्त वेळ ठेवली, तर निरोधक न घातलेल्या ट्यूबमध्येही निरोधक तयार होत जातो आणि वेग आपोआप मंदावतो. मग सगळेच आकडे कमी येतात आणि दोष बिचाऱ्या एन्झाइमला मिळतो. यावर उपाय म्हणजे पहिल्या एक-दोन मिनिटांचा वेग मोजणं, रंग अजून फिका असतानाच.

आकडे हाती आले की बहुतेक कॉलेजांत वाकडी रेघ न काढता सरळ रेघ काढायला सांगतात. ही युक्ती १९३४ साली हान्स लाइनविव्हर आणि डीन बर्क यांनी सुचवली. सबस्ट्रेट आणि वेग दोन्ही उलटे करायचे: आडव्या अक्षावर एक भागिले सबस्ट्रेट, उभ्यावर एक भागिले वेग. वक्राची सरळ रेघ होते. ती उभ्या अक्षाला जिथे छेदते तो एक भागिले व्हीमॅक्स, आणि डावीकडे वाढवल्यावर आडव्या अक्षाला जिथे छेदते तो उणे एक भागिले केएम. आपल्या एन्झाइमची रेघ ०.०१ आणि उणे ०.५ मधून जाते.

तिघे संशयित इथे एका नजरेत वेगळे होतात. क ची रेघ ०.०१ ला मूळ रेघेलाच भेटते आणि तिथून जास्त उभी चढते. छत तेच असल्याची ही खूण. ख ची रेघ आडव्या अक्षावर, उणे ०.५ ला, मूळ रेघेला भेटते, कारण केएम तोच आहे. आणि ग ची रेघ कुठेच भेटत नाही. ती मूळ रेघेला समांतर, तिच्या वरून जाते. छत आणि केएम एकाच पटीने उतरल्याने दोघांचं गुणोत्तर, म्हणजेच रेघेचा चढ, बदलतच नाही. मिश्र निरोधाच्या रेघा एकमेकींना डावीकडे छेदतात, पण दोन्ही अक्षांपासून सुटून. परीक्षेत हे चित्र हमखास येतं आणि पाठ करायला सोपं आहे. त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणं मात्र धोक्याचं.

का ते एका उदाहरणाने दिसतं. कलरीमीटरचं मोजमाप एक एककाने इकडे-तिकडे झालं, एवढंच धरू. सबस्ट्रेट २० असताना ९०.९ च्या जागी ८९.९ किंवा ९१.९ वाचलं, तर उलटे केलेले आकडे ०.०१११२ आणि ०.०१०८८, फरक नजरेस येणार नाही इतका. सबस्ट्रेट ०.२ असताना ९.१ च्या जागी ८.१ किंवा १०.१ वाचलं, तर ०.१२३ आणि ०.०९९. चूक तीच एका एककाची, पण आलेखावर तिचा पसारा शंभरपट. त्यात हा डळमळीत ठिपका पडतो रेघेच्या अगदी उजव्या टोकाला, जिथून फूटपट्टी सगळी रेघ फिरवते. समांतर दिसणाऱ्या दोन रेघा अशाच एका ठिपक्यामुळे डावीकडे भेटलेल्या दिसू शकतात आणि ग चा ख होतो. म्हणून हल्ली संशोधनात मूळ वाकड्या रेघेवरच संगणकाने वक्र बसवून व्हीमॅक्स आणि केएम काढतात. सरळ रेघ राहते ती डोळ्यांना दाखवण्यापुरती. शिवाय सबस्ट्रेटची प्रमाणं केएमच्या दोन्ही बाजूंना लांबवर पसरलेली हवीत, साधारण एक दशांशापासून दहापटीपर्यंत. सगळी मोजमापं केएमच्या आसपासच घेतली, तर तीन बाटल्या एकच आकडा सांगणार, हे पहिल्याच प्रयोगात दिसलं.

चौथी बाटली टेबलावर सहसा ठेवत नाहीत, कारण ती चकवते आणि वर जिवावरही बेतू शकते. तिचा आलेख हुबेहूब ख सारखा येतो: छत निम्मं, केएम तोच. पण आतली गोष्ट निराळी आहे. हा निरोधक एन्झाइमला चिकटतो तो रासायनिक बंध तयार करून, आणि सुटत नाही. ही पंक्चर रिक्षा नव्हे, भंगारात काढलेली रिक्षा. निम्म्या रिक्षा भंगारात गेल्या काय आणि मुळात निम्म्याच रिक्षा स्टँडवर आल्या काय, फेऱ्यांच्या आलेखात फरक दिसणार कसा?

तो दिसण्यासाठी आलेखाचा आडवा अक्ष बदलावा लागतो. सबस्ट्रेट भरपूर ठेवायचा, निरोधकाची मात्रा कायम ठेवायची आणि एन्झाइम थोडंथोडं वाढवत वेग मोजायचा. निरोधक नसेल तर शून्यातून निघालेली सरळ रेघ मिळते. ख घातला तर तीही शून्यातूनच निघते, फक्त कमी उभी. अपरिवर्तनीय निरोधक असेल तर सुरुवातीला वेग शून्यच राहतो. पहिलं थोडं एन्झाइम निरोधक गिळून टाकतो. निरोधक संपला की तिथून पुढे रेघ मूळ रेघेइतक्याच चढाने वर जाते, तिला समांतर, उजवीकडे सरकलेली. दुसरी खूण वेळेची. एन्झाइम आणि निरोधक एकत्र करून पाच मिनिटं ठेवले आणि मग सबस्ट्रेट घातला तर एक वेग, वीस मिनिटं ठेवले तर त्याहून कमी. तिसरी खूण डायलिसिसची: पातळ पडद्यातून निरोधक धुऊन काढला की ख च्या एन्झाइमचा वेग परत येतो, याचा येत नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा ज्या कीटकनाशकांची नावं पुढे आली त्यांत मोनोक्रोटोफॉस होतं. ते ऑर्गनोफॉस्फेट कुळातलं, आणि हे कूळ ॲसिटाइलकोलिनेस्टरेज या एन्झाइमला नेमक्या या चौथ्या पद्धतीने निकामी करतं. ॲसिटाइलकोलिन हा नसांमधला निरोप्या त्यामुळे तुटायचा थांबतो, साचतो, आणि लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, लटपटणारे स्नायू, शेवटी श्वास अशा क्रमाने शरीर हातातून जातं. इथे सबस्ट्रेट साचल्याने स्पर्धा जिंकली जात नाही, कारण स्पर्धा नाहीच. रुग्णालयात ज्याला थोडक्यात पॅम म्हणतात ते प्रालिडॉक्झिम हा बंध तोडू शकतं, पण वेळेत दिलं तरच. काही काळाने त्या बंधाचं रूप बदलतं, डॉक्टर त्याला एजिंग म्हणतात, आणि मग तो पॅमलाही तुटत नाही. कुठल्या रसायनाने एजिंग किती तासांत होतं ते वेगवेगळं असतं, म्हणून रुग्णाला आणण्यात गेलेला प्रत्येक तास मोजला जातो.

त्यानंतर उरतो एकच रस्ता, शरीराने नवं एन्झाइम तयार करणं. रक्तातल्या तांबड्या पेशींवर हेच एन्झाइम असतं, पण या पेशींना केंद्रक नसल्याने त्या स्वतः नवं बनवू शकत नाहीत. जुन्या पेशी मरून नव्या येतील तसतसं ते भरून येतं, दिवसाला साधारण एक टक्का. फवारणीहून परतलेला माणूस आठवड्याभरात चालू-फिरू लागला तरी त्याच्या रक्ताच्या तपासणीत व्हीमॅक्स महिनाभर खालीच दिसतो.